लिक्विडिटी ट्रॅप हा शब्द सोलापूरच्या मंदीला लावता येतो का?

प्रश्न: "रेपो रेट कमी झाला, बँकवाले स्वतः फोन करून लोन घ्या म्हणतायत, तरी आमच्या इथं कुणी नवीन लूम टाकेना. एकजण म्हणाला हा लिक्विडिटी ट्रॅप आहे. हा शब्द इथं बरोबर आहे का, आणि मराठीत काय म्हणायचं?"

मराठीत रोखता सापळा म्हणा, पेपरात तरलता सापळा पण लिहितात. मला रोखता जास्त बरं वाटतं कारण अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकात केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची 'रोखता पसंती', म्हणजे पैसा रोख हातात ठेवायची लोकांची ओढ, आधीपासून आहे आणि हा सापळा त्याच विचारातून निघालाय. पण तुम्ही सांगताय त्या परिस्थितीला हा शब्द बसत नाही.

आधी तुमच्या इथलं बघू. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यानं 20 लाखाचं कर्ज काढायचं ठरवलं आणि व्याज 11 टक्क्यांवरून 9 वर आलं, तर पहिल्या वर्षी त्याचे साधारण 40 हजार वाचतात. आता ऑर्डरच नसेल, आहे तेच लूम एका पाळीत चालत असतील, तर 40 हजार वाचवायला 20 लाख कोण अडकवणार? तो नाही म्हणतो ते शहाणपणाचंच आहे. पण याला मागणी नसणं म्हणतात. व्याज अजून 9 टक्के आहे, रिझर्व्ह बँकेला अजून खाली यायला जागा आहे. सापळा म्हणायचं तर ती जागाच संपलेली पाहिजे, म्हणजे दर शून्याच्या आसपास आलेला पाहिजे आणि वर कितीही पैसा ओतला तरी तो पडूनच राहिला पाहिजे.

पडून का राहतो, तर यातच रोखता या शब्दाचं मर्म आहे. एक रोखा, म्हणजे बाँड, घ्या जो कायम वर्षाला 100 रुपये देतो. बाजारात व्याज 5 टक्के असेल तर त्याची किंमत 2,000 रुपये, आणि व्याज 1 टक्क्यावर आलं की तोच रोखा 10,000 ला जातो. आता 10,000 देऊन तो घेतला आणि उद्या व्याज नुसतं 2 टक्के झालं तर किंमत 5,000 वर येते, म्हणजे वर्षाच्या 100 रुपयांसाठी 5,000 चा धोका. मग लोक म्हणतात त्यापेक्षा रोख हातात असलेली बरी. अशा वेळी मध्यवर्ती बँक रोखे विकत घेऊन नवा पैसा बाजारात सोडते, पण लोक तो पैसा तसाच धरून बसतात आणि व्याज आणखी खाली जात नाही. केन्सनं 1936 मध्ये ही शक्यता मांडली होती, पण तेव्हा त्याच्यापुढं याचं पक्कं उदाहरण नव्हतं.

ते उदाहरण पुढं जपाननं दिलं, आणि हा शब्द समजून घ्यायचा तर जपानच बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. 1989 संपताना तिथला शेअर बाजार शिखरावर होता, मग तो कोसळला, मागोमाग जमिनीचे भाव पडले. बँक ऑफ जपाननं आपला दर 1990 मधल्या 6 टक्क्यांवरून 1995 पर्यंत अर्ध्या टक्क्यावर आणला आणि 1999 मध्ये बँकांमधला एका रात्रीच्या उधारीचा दर जवळपास शून्य केला. तरी कर्ज वाढेना. कारण ज्या कंपन्यांनी महाग जमिनी तारण ठेवून कर्ज काढलं होतं त्यांच्या जमिनीची किंमत कर्जापेक्षा खाली गेली होती, त्यामुळं नफा झाला की त्या आधी जुनं कर्ज फेडायच्या, नवीन घ्यायचा विषयच नाही. त्यात वस्तूंचे भावही हळूहळू उतरायला लागले. भाव वर्षाला 1 टक्का उतरत असतील तर शून्य टक्क्यानं घेतलेलं कर्जही खऱ्या अर्थानं 1 टक्क्याचं पडतं, आणि दर त्याखाली न्यायची सोय राहत नाही. 2001 मध्ये मग बँक ऑफ जपाननं बँकांच्या आपल्याकडच्या खात्यात थेट पैसा भरायला सुरुवात केली, त्या शिल्लकीचं लक्ष्य 5 लाख कोटी येनपासून 2004 पर्यंत 30-35 लाख कोटींवर गेलं, आणि त्याच काळात बँकांनी दिलेली एकूण कर्जं मात्र घटतच होती. सापळा ओळखायची खूण हीच, की बँकांची शिल्लक फुगते आणि कर्ज आटतं, तेही शून्य दरावर.

आपल्याकडं 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला तेव्हा हा शब्द बऱ्याच जणांनी वापरला, कारण बँका लाखो कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडंच ठेवत होत्या. लक्षण त्यातल्या त्यात जवळचं होतं, पण महागाई तेव्हा 6 टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे खरा व्याजदर शून्याच्याही खाली होता आणि भाव चढत होते, जपानच्या अगदी उलट. बँकांना कर्ज बुडायची भीती होती आणि लॉकडाऊनमध्ये धंदेच बंद होते, तो पैसा त्या कारणानं अडकला होता.

तर तुमच्या लूमवाल्यांबद्दल लिहिताना 'मागणी नाही म्हणून कर्जाला उठाव नाही' असं लिहा. लिक्विडिटी ट्रॅप लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की दर कमी करून आता काहीच होणार नाही, पण ऑर्डर परत आल्या की हाच टॉवेलवाला 9 टक्क्यांनं कर्ज काढायला बँकेत जाईल.