ड्रॉवरमधल्या सात स्ट्रिप्स आणि मागच्या खोलीतलं खोकं

प्रश्न: वकीलसाहेब, माझं औषधांचं दुकान आहे, परवाना माझ्याच नावावर. १९ ऑगस्टच्या तपासणीत औषध निरीक्षकांना रक्तदाबाच्या गोळ्यांच्या ७ स्ट्रिप्स ड्रॉवरमध्ये मिळाल्या, मुदत जुलैची. मागच्या खोलीत स्टॉकिस्टला परत जाणारं एक्सपायरीचं खोकं होतं, तेही त्यांनी लिहून घेतलं. जुना माल पुढे आणि नवा मागे, हा नियम आमच्याकडे कायम पाळतात. या गोळ्या फेब्रुवारीत ४० स्ट्रिप्स घेतल्या (मुदत नोव्हेंबर) आणि एप्रिलच्या सुरुवातीला २० (मुदत जुलै). महिन्याला साधारण ८ जातात. आता परवाना रद्द का करू नये अशी नोटीस आली आहे. आधी कधी काही झालेलं नाही. माल लावणाऱ्या मुलाची चूक आहे. माझा परवाना जाईल का?

उत्तर: नोटिशीत दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात असल्या, तरी तुमच्या उत्तरात त्या वेगळ्या ठेवा. खोक्याच्या बाबतीत कायद्याने तुम्हाला वाट ठेवली आहे. ड्रॉवरच्या बाबतीत नाही.

आधी खोकं. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ चा उपनियम १७ सांगतो की मुदत संपलेलं औषध विकायचं नाही आणि साठवायचंही नाही. त्याच उपनियमाला एक परंतुक आहे. उत्पादकाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे माल परत देण्याची, भरपाईची किंवा विल्हेवाटीची पावलं तुम्ही उचलली असतील, तर ते होईपर्यंत माल दुकानात ठेवता येतो. त्यासाठी तो विक्रीच्या मालापासून वेगळा हवा, खोक्यात किंवा पाकिटात बांधलेला हवा आणि वरच्या बाजूला ‘नॉट फॉर सेल’ हे शब्द ठळक दिसायला हवेत. बहुतेक दुकानदार फक्त वेगळं ठेवण्यावर भर देतात आणि उरलेलं विसरतात. तुमच्या खोक्यावर हे शब्द होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पंचनाम्याची आणि तपासणी अहवालाची प्रत घेऊन खोक्याचं वर्णन नेमकं काय केलंय ते शब्दन् शब्द वाचा. शब्द नसतील तर परंतुकाचा पूर्ण फायदा मिळणार नाही, हे धरून चला. तरीही परतीची पावलं खरोखर उचलली होती, हे दाखवणं फार उपयोगाचं आहे.

ती पावलं कागदावर दिसली पाहिजेत, आणि १९ ऑगस्टच्या आधीच्या तारखेची. स्टॉकिस्टला पाठवलेली एक्सपायरी यादी, डेबिट नोट, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, त्याच्या माणसाची सही, यातलं जे असेल ते जोडा. ‘फोनवर बोललो होतो’ एवढंच असेल तर तेवढंच लिहा. आज बसून मागच्या तारखेची यादी तयार करू नका. स्टॉकिस्टच्या वहीत तिची नोंद सापडत नाही, आणि मग मुदतीच्या चुकीचं प्रकरण खोट्या कागदाचं प्रकरण होऊन बसतं.

आता ड्रॉवर. इथे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच पुढचा हिशोब मांडतो, कारण परवाना प्राधिकारीही तो मांडू शकतात.

जुनं पुढे, नवं मागे. म्हणजे फेब्रुवारीच्या ४० स्ट्रिप्स आधी विकल्या गेल्या. महिन्याला ८ प्रमाणे त्या जूनअखेर संपल्या. जुलैत दुसऱ्या बॅचमधल्या ८ गेल्या आणि ३१ जुलैला १२ उरल्या. औषधाच्या लेबलवर महिना आणि वर्ष असतं, त्याचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्यामुळे १ ऑगस्टला या १२ स्ट्रिप्स मुदतबाह्य झाल्या. याउलट एप्रिलमध्ये माल लावताना तारीख पाहून जुलैची बॅच पुढे घेतली असती, तर त्या २० स्ट्रिप्स जूनच्या मध्यापर्यंत संपल्या असत्या. नोव्हेंबरच्या उरलेल्या २४ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेल्या असत्या. एकही स्ट्रिप वाया गेली नसती. तुमच्या दुकानात नियम पाळला गेला, पण तो आधी आलं ते आधी विकायचा नियम होता. औषधांना लागतो तो आधी मुदत संपणारं आधी विकायचा. नंतर आलेला माल नेहमी नंतर संपणारा असतो असं नाही. स्टॉकिस्टकडे पडून राहिलेली बॅच उशिरा तुमच्याकडे येते, तेव्हा हा घोटाळा होतो.

हिशोबात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. ३१ जुलैला १२ उरल्या असतील आणि १९ ऑगस्टला ७ सापडल्या, तर मधल्या ५ कुठे गेल्या? तुमच्या विक्रीच्या वेगाने १९ दिवसांत साधारण तेवढ्याच जातात. म्हणजे मुदत संपलेल्या पाच स्ट्रिप्स रुग्णांच्या हातात गेल्या असण्याची शक्यता आहे. उत्तराचा मसुदा करायच्या आधी १ ते १९ ऑगस्टची सगळी बिलं काढा आणि या औषधाचा प्रत्येक बॅच क्रमांक पाहा. बिलावरच्या बॅचवर डोळे झाकून विसंबू नका. दुकानातल्या संगणकात बॅच आपोआप येते आणि हातात येते ती ड्रॉवरमधली पुढची स्ट्रिप. बिलावर नोव्हेंबरची बॅच दिसते, रुग्णाकडे जुलैची जाते, असं सहज होतं. खरेदी, विक्री आणि शिल्लक यांची बॅचवार बेरीज जुळते का, हे तपासलं की कळेल.

रक्तदाबाची गोळी रुग्ण रोज घेतो. ज्यांनी त्या दिवसांत ती नेली, त्यांना आजच फोन करा, स्ट्रिपवरची तारीख वाचून घ्या, मुदत संपलेली असेल तर बदलून द्या आणि डॉक्टरांना कळवायला सांगा. ही गोष्ट नोटिशीच्या उत्तराची वाट पाहू शकत नाही. उत्तरात काय आणि किती लिहायचं ते बिलं घेऊन तुमच्या वकिलांसमोर बसून ठरवा, पण ‘एकही स्ट्रिप विकली नाही’ असं वाक्य खात्री झाल्याशिवाय लिहू नका.

मुलाच्या चुकीबद्दल. नियम ६६ मध्ये परवानाधारकाला आधार देणारी तरतूद आहे. उल्लंघन नोकराच्या कृतीमुळे झालं असेल, त्याला मालकाची फूस किंवा संमती नसेल, आधीच्या १२ महिन्यांत तसाच प्रकार झालेला नसेल आणि नियम पाळले जावेत म्हणून मालकाने योग्य दक्षता घेतली असेल, तर परवाना रद्द किंवा निलंबित करता येत नाही. हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र तुमची. पहिले मुद्दे तुमच्या बाजूने दिसतात. नमुना ३५ च्या तपासणी पुस्तकात वर्षभरात मुदतबाह्य मालाचा शेरा नाही ना, एवढं पाहून घ्या. अडचण दक्षतेची आहे. मुलाने तुम्ही घालून दिलेली पद्धतच पाळली असेल, तर चूक पद्धतीची ठरते आणि पद्धत तुमची. म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकणारं उत्तर मी देणार नाही. ते टिकत नाही, आणि त्याचा जबाब घेतला तर तो खरं तेच सांगेल. ‘कंपनीचा माल आहे, तसाच ठेवला होता’ हा बचावही इथे चालत नाही, कारण मुदत संपली ती तुमच्या ताब्यात.

माझ्या मते उत्तराचा सांगाडा असा असावा: ड्रॉवरमधल्या स्ट्रिप्सची वस्तुस्थिती मान्य करा, दोन बॅचच्या खरेदी बिलांसह ती कशी घडली ते दाखवा, खोक्यासाठी परंतुकाचा आधार कागदांसह घ्या, आधीचं निर्दोष वर्ष मांडा आणि बदललेली पद्धत पुराव्यासह जोडा. नोटिशीत दिलेली मुदत कमी पडत असेल तर ती संपायच्या आत लेखी वाढ मागा, आणि प्रत्यक्ष सुनावणीची विनंती त्याच पत्रात करा.

बदललेली पद्धत म्हणजे नुसतं ‘यापुढे काळजी घेऊ’ हे वाक्य नव्हे. माल खोक्यातून काढतानाच बिलावरची मुदत आणि पाकिटावरची मुदत ताडून पाहायची आणि जागा ठरवायची ती तारखेवरून. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांत संपणाऱ्या मालाची यादी काढून ती हाताने, ड्रॉवर आणि फ्रीजसकट तपासायची. संगणकाची यादी तपासणीची सुरुवात आहे, तपासणी नव्हे. यादीवर तपासणाऱ्याची सही आणि तारीख हवी, कारण पुढे दक्षता दाखवायची वेळ आली तर हाच कागद बोलतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या महिन्याचा उरलेला माल दुकान बंद करण्यापूर्वी बाहेर काढून, ‘नॉट फॉर सेल’ लिहिलेल्या खोक्यात, परतीच्या यादीसह ठेवायचा. स्टॉकिस्ट मुदतीच्या किती आधी किंवा नंतर माल परत घेतो, हे त्याच्याकडून लेखी घेऊन ठेवा. ती खिडकी चुकली की माल तुमच्याच अंगावर पडतो, आणि मग तो विकून टाकायचा मोह होतो.

मुदत जवळ आलेलं औषध शेवटच्या दिवसापर्यंत विकायला कायद्याची बंदी नाही. पण रुग्ण ३० दिवसांच्या गोळ्या नेत असेल आणि मुदत २० दिवसांनी संपत असेल, तर शेवटच्या दहा गोळ्या तो मुदतीनंतर खाणार. म्हणून उपचाराचे दिवस मोजूनच स्ट्रिप द्या. सुट्या गोळ्या देताना स्ट्रिप तारीख छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने कापा, म्हणजे दुकानात उरणाऱ्या तुकड्यावर बॅच आणि मुदत शिल्लक राहते. तारीख नसलेला तुकडा ड्रॉवरमध्ये असेल तर तो मुदतीत आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आणि किमतीचं स्टिकर कधीही तारखेवर लावू नका.

परवान्याची कारवाई आणि न्यायालयातला खटला हे दोन वेगळे मार्ग आहेत. खटला भरला गेला तर तो बहुधा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २७(डी) खाली असेल. त्यात किमान एक वर्ष ते दोन वर्षं कैद आणि किमान २०,००० रुपये दंड आहे, विशेष कारणं नोंदवून न्यायालय कैद कमी करू शकतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हे कलम तडजोडयोग्य गुन्ह्यांत आणलं आहे, म्हणून खटला आल्यास वकिलांना कलम ३२-बी चा मार्ग आधी विचारा. परवान्याबाबत, पहिलीच चूक आणि कागद स्वच्छ असतील तर रद्द होण्याऐवजी काही दिवसांचं निलंबन मागण्याला चांगला आधार आहे. तरीही आदेश विरोधात गेला, तर आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेशाची प्रत हातात पडल्या दिवशीच तिच्यावर ती तारीख लिहून ठेवा.