पासपोर्ट हरवलेला गेस्ट समोर आला की काय बोलायचं

"मॅडम, मी फ्रंट डेस्कला नवीन आहे. फॉरेनर गेस्ट पासपोर्ट हरवला म्हणून रडायला लागला तर मी काय बोलू? काही चुकीचं बोलले तर?"

अगं, ही भीती घेऊन कुलाब्यातल्या एका हॉटेलमधली मुलगी माझ्याकडे आली होती. जर्मन बाई, रात्रीची वेळ, दोन दिवसांनी फ्लाइट. हिने घाईत "डोन्ट वरी, मिळेल" म्हटलं आणि बाई जास्तच भडकली. भडकणारच ना, मिळेल हे हिला कुठून माहीत? म्हणून आम्ही बसून वाक्यं बदलली. आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "प्लीज सिट डाउन, आय विल स्टे विथ यू." मग, "वुई हॅव अ कॉपी ऑफ युअर पासपोर्ट अँड व्हिसा." हे खरं असतं, कारण चेक-इनला आपण कॉपी घेतो आणि परदेशी गेस्टची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरतो, त्यामुळे नंबर, व्हिसा, भारतात आल्याची तारीख सगळं आपल्याकडे असतं. एवढं ऐकूनच माणूस अर्धा शांत होतो.

मग लगेच पोलिसात पळू नकोस. आधी गेस्टसोबतच रूम बघायची, सेफ, उशीचे अभ्रे, बॅगेचे आतले कप्पे, आणि टॅक्सीवाला, जेवलेलं हॉटेल यांना फोन. हे यासाठी की कॉन्सुलेटला एकदा हरवला कळवलं की पासपोर्ट रद्द होतो, नंतर सापडला तरी साधारणपणे प्रवासाला चालत नाही, आणि ते गेस्टला आधीच सांगून टाकायचं.

नाहीच मिळाला तर जवळच्या पोलीस स्टेशनला कोणीतरी सोबत जायचं, भाषेसाठी, आणि तक्रारीची शिक्क्याची कॉपी घेतल्याशिवाय निघायचं नाही, ती पुढे सगळीकडे लागते. मग कॉन्सुलेट. रात्र असेल तर त्यांच्या वेबसाइटवर इमर्जन्सी नंबर असतो का बघ, तो लावून फोन गेस्टच्या हातात दे, आपण मध्ये बोलत बसायचं नाही.

आता सगळ्यात जास्त विसरलं जातं ते. कॉन्सुलेटने तात्पुरता कागद दिला म्हणजे गेस्ट लगेच विमानात बसला असं नाही, कारण त्या कागदावर भारताचा व्हिसा नसतो ना एंट्रीचा शिक्का. परदेशी लोकांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, काढावं लागतं, त्यात पोलीस तक्रार, नवीन कागद, फोटो, तिकीट आणि आपल्या हॉटेलचा राहण्याचा पुरावा लागतो. तो पुरावा मागायची वाट न बघता लेटरहेडवर तयार ठेव.

फ्लाइटचं विचारलं तर "यू विल मेक इट" अजिबात म्हणू नकोस, परमिटला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नाही. त्यापेक्षा "लेट्स कॉल द एअरलाइन नाऊ अँड आस्क अबाउट चेंजिंग द डेट." आणि शिफ्ट संपताना लॉगबुकमध्ये कुठपर्यंत आलंय ते लिहून पुढच्याशी गेस्टची ओळख करून दे, नाहीतर बिचारीला सकाळी सगळं परत पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.