बाकी फीमुळे अडलेलं हॉल तिकीट

‘मुलगा इंदूरच्या खाजगी कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा सहा दिवसांवर आली, तरी 17,200 रुपये बाकी म्हणून हॉल तिकीट देत नाहीत. स्कॉलरशिप अजून आलेली नाही. काय करावं?’ — एक वडील

सर्वांत आधी परीक्षा फॉर्म पाहा. परीक्षेची फी विद्यापीठाची, बाकी मात्र कॉलेजची, आणि हे दोन हिशोब वेगळे असतात. फॉर्म भरला असला तरी कॉलेजने तो पुढे पाठवला नसेल, तर प्रवेशपत्र तयारच झालेलं नसतं. मग नुसते पैसे भरून भागत नाही. अशा वेळी कॉलेजचं पत्र घेऊन आर.एन.टी. मार्गावर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जावं लागतं, आणि त्यासाठी एक दिवसही वाया घालवू नका. फॉर्म पुढे गेला असेल, तर अडवणूक कॉलेजच्या लेखा विभागातच आहे. शेवटच्या वर्षाला ते जास्त ताणून धरतात, कारण मुलगा परीक्षा देऊन गेला की पैसे निघणं अवघड होतं.

लेखा विभागातून मुलाच्या खात्याचा उतारा मागा. तुमच्या 17,200 पैकी समजा 14,000 स्कॉलरशिपपोटी धरलेले आणि 1,200 लेट फी निघाली, तर तुमच्या खिशातून खरोखर द्यायचे उरतात 2,000. कधी यूपीआयने भरलेली रक्कम नावावर चढलेलीच नसते. तसं असल्यास पावतीवरचा बारा अंकी व्यवहार क्रमांक दाखवा.

स्कॉलरशिप खरंच आलेली नाही का, हेही तपासा. ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि ते खाते पुष्कळदा शाळेत असताना उघडलेलं जुनं निघतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये कोणती बँक जोडली आहे ते कळतं. त्या बँकेचं पासबुक भरून घ्या. पैसे आलेले असतील, तर प्रश्न तिथेच मिटला.

नसतील, तर प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. स्कॉलरशिपच्या अर्जाची सध्याची स्थिती छापून जोडा, 2,000 लगेच भरा, 14,000 स्कॉलरशिप आल्यावर भरू असं तुमच्या आणि मुलाच्या सहीचं हमीपत्र द्या आणि लेट फी माफ करायची विनंती त्याच अर्जात लिहा. आवक क्रमांकाची प्रत जपून ठेवा. पुढच्या तारखेचा चेक मागितला, तर खात्यात तेवढे पैसे नक्की असणार असतील तरच द्या. चेक वटला नाही तर फौजदारी प्रकरण होऊ शकतं.

पैसे भरल्यावर पावती घेऊन थेट कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊ नका. लेखा विभागाने संगणकावर हॉल तिकीट सोडण्याची नोंद केल्याशिवाय तिथला कारकून काहीच देऊ शकत नाही, म्हणून ती नोंद समोर उभं राहून करून घ्या.

प्राचार्यांनीही नकार दिला, तर 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि विद्यापीठालाही लेखी कळवा. कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही जाता येतं, पण यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार तिला अहवालासाठी कामाचे 15 दिवस मिळतात. तुमच्याकडे सहाच आहेत. त्यामुळे लेट फीचा वाद त्या समितीपुढे परीक्षेनंतर न्या. आज हमीपत्रावर हॉल तिकीट सोडवून घ्या.