नियमित उत्पन्न: लाभांश की युनिटविक्री?

प्रश्न: दरमहा खर्चाला पैसे हवेत. लाभांश देणारे शेअर घेऊ, की ग्रोथ फंडातली युनिट्स विकत राहू?

उत्तर: माझं मत युनिट्स विकण्याच्या बाजूने आहे.

लाभांश म्हणजे वरकमाई नव्हे. शेअर 100 ला असेल आणि कंपनीने 4 लाभांश दिला, तर एक्स-डिव्हिडंड तारखेला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच खाली येतो. तुमच्याकडे 96 चा शेअर आणि 4 रोख, म्हणजे एकूण 100च. शिवाय किती आणि कधी द्यायचं हे कंपनी ठरवते. 2020 मध्ये शेलसारख्या बड्या कंपनीनेही लाभांश कापला होता.

आता समजा, 80 ला घेतलेली 1000 युनिट्स आज 100 वर आहेत. 4000 हवे असतील तर 40 युनिट्स विका. त्यात नफा फक्त 800. बहुतेक ठिकाणी कर या नफ्यावरच लागतो, लाभांशावर मात्र सहसा पूर्ण रकमेवर.

खरा धोका पडत्या बाजारात आहे. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 60 वर आली, तर त्याच 4000 साठी जवळपास 67 युनिट्स जातात आणि ती परत येत नाहीत. म्हणून दोन वर्षांचा खर्च आधीच मुदत ठेवीत बाजूला काढा आणि मंदीत त्यातूनच भागवा. ही सोय नसेल, किंवा घसरण पाहून घाबरून सगळंच विकाल असं वाटत असेल, तर लाभांशाचे शेअर तुम्हाला जास्त मानवतील. फक्त भाव कोसळल्यामुळे फुगलेला लाभांशाचा टक्का पाहून शेअर घेऊ नका.