रॅमिप्रिलचा खोकला आणि सुजलेला ओठ

रॅमिप्रिल चालू असलेला पेशंट "घशात सारखी खवखव, कोरडा खोकला जातच नाही" म्हणाला, तर लगेच कफ सिरप लिहू नकोस. एसीई हे एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ तयार करतं, तसंच ब्रॅडिकायनिन मोडतंही. रॅमिप्रिलने ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं, श्वासमार्गातल्या नसा चेतवतं आणि खोकला येतो. टेल्मिसार्टन फक्त अँजिओटेन्सिन-२ चा रिसेप्टर अडवतं, एन्झाइमला हात लावत नाही. म्हणून गोळी बदल. खोकला जायला मात्र बहुधा १ ते ४ आठवडे लागतात, हे आधीच सांगून ठेव.

ओठ किंवा जीभ सुजली तर प्रकरण गंभीर. तेच ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या झिरपत्या करतं. अंगावर पित्त उठत नाही, खाज नसते, आणि हिस्टामिनचा संबंध नसल्याने एव्हिल-हायड्रोकॉर्टिसोनने फारसा फरक पडत नाही. आवाज बदलला, लाळ गिळता येईना, की ताबडतोब भूलतज्ज्ञांना बोलव. वर्षानुवर्षं गोळी सोसलेल्यालाही हे होतं. अशा पेशंटला एसीई इनहिबिटर पुन्हा कधीच द्यायचं नाही; सार्टनही खरी गरज असेल तरच, नजर ठेवून.

आणि सार्टन सगळीकडे चालतं असं समजू नकोस. गरोदरपणात, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असताना किंवा पोटॅशियम खूप वाढलेलं असताना एसीई इनहिबिटर आणि सार्टन, दोन्ही टाळायची.