‘अंधारयुग’ आणि ‘रेनेसाँ’ ही नावे कोणी दिली?

प्रश्न: युरोपच्या इतिहासातील अंधारयुग आणि रेनेसाँ ही नावे कोणी दिली, आणि आज काही इतिहासकार ती का नाकारतात?

अंधाराचे रूपक चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क याचे आहे. रोमच्या वैभवानंतरचा, म्हणजे स्वतःचाही काळ त्याला अंधारा वाटत होता, आणि ही तक्रार मुख्यतः लॅटिन साहित्याच्या ऱ्हासाविषयी होती. पुढे १६०२ च्या सुमारास कार्डिनल बारोनियस याने दहाव्या शतकाला ‘अंधारे’ म्हटले, ते लेखकांच्या, म्हणजेच साधनांच्या दुष्काळामुळे. काळ अंधारा असणे आणि आपल्याला तो न दिसणे यांत फरक आहे, परंतु तो पुढे विसरला गेला. रेनेसाँ म्हणजे ‘पुनर्जन्म’; या अर्थाचा शब्द इटालियन चित्रकार आणि लेखक वासारी याने १५५० मध्ये कलेपुरता वापरला होता. त्याचे संपूर्ण युग केले ते एकोणिसाव्या शतकात मिशले आणि बुर्कहार्ट या इतिहासकारांनी.

आक्षेपाचे सर्वांत बोलके उदाहरण मला हस्तलिखितांचे वाटते. इटलीतील मानवतावाद्यांनी, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन साहित्याच्या अभ्यासकांनी, ज्या सुबक लिपीला ‘प्राचीन’ समजून उचलले, ती प्रत्यक्षात रोमन नव्हतीच; फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात, आठव्या-नवव्या शतकांत, मठांमध्ये घडलेली ती कॅरोलिंजियन लिपी होती. बहुतेक अभिजात लॅटिन ग्रंथही त्याच काळातील नकलांमुळे टिकले. म्हणजे ज्यांना अंधारातले म्हटले, त्यांच्याच पोथ्यांवर हा पुनर्जन्म उभा होता (आजची छापील रोमन अक्षरेही तिथूनच आली). इतिहासकार हॅस्किन्स यांनी तर १९२७ मध्ये बाराव्या शतकालाच ‘रेनेसाँ’ म्हटले. तरीही रोमोत्तर पश्चिम युरोपात शहरे आणि व्यापार आक्रसले होते, हे नाकारता येत नाही.