उक्तं की तासावर? कोटेशनचे दोन तुकडे करा

*"इन्व्हेंटरी अ‍ॅपचं कोटेशन द्यायचंय. मला तासावर बिल करायचंय, पण क्लायंट म्हणतो एकच आकडा सांगा. काय करू?"*

ज्या कामाची यादी करता येते ते उक्तं द्या आणि जे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही ते तासावर ठेवा. मी हे पैसे घालवून शिकलो.

मशीनच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याला असंच अ‍ॅप करून दिलं होतं. 160 तास गुणिले 1,200 म्हणजे 1,92,000. त्यावर धोक्याचे 25 टक्के धरून 2,40,000 ला उक्तं घेतलं. त्यात "जुना डेटा आणणे" अशी एक ओळ होती, 20 तासांची. एक्सेल उघडली तर बेरिंगच्या नोंदी "6205", "6205 ZZ" आणि नुसतं "बेरिंग 6205" अशा. पहिले दोन वेगळे माल आहेत, ZZ ला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं. तिसरी नोंद यातली कुठली, ते फक्त त्यांच्या जुन्या स्टोअरकीपर काकांना ठाऊक, आणि काका मोकळे संध्याकाळी सहानंतर. 20 चे 85 तास झाले. किरकोळ बदलांचे आणखी 15. एकूण 240, म्हणजे तासाला हजारच पडले.

क्लायंटलाही उक्तं स्वस्त पडत नाही, बरं का. काहीच बिघडलं नसतं तरी धोक्याचे ते 48,000 त्याने दिलेच असते. आणि तास संपत आले की आपण टेस्टिंगवर हात आखडतो. मीही आखडला, परत आलेला माल स्टॉकमध्ये दोनदा मिळवला जात होता, ते त्यांना महिनाअखेरच्या मोजणीत कळलं.

तासावर दिलं की काका उशिरा आले तर मीटर क्लायंटचं पळतं. मग "मुद्दाम रेंगाळतोय" असा संशय येतो. म्हणून दर शुक्रवारी कशाला किती तास गेले ते पाठवायचं.

आता मी आधी 12 तासांचं वेगळं बिल लावतो. त्यात 200 ओळी खरोखर साफ करून बघतो आणि त्यावरून अंदाज देतो. स्क्रीन आणि रिपोर्ट यादी जोडून उक्ते, डेटा तासावर. क्लायंट कमाल मर्यादा मागतोच. "40 तासांच्या वर एक रुपया नाही" हे मात्र मान्य करू नका. लवकर संपलं तर पैसे कमी, लांबलं तर फुकट, दोन्हीकडून आपणच. त्याऐवजी लिहा: "30 तास झाल्यावर कळवू, 40 नंतर तुमच्या लेखी होकाराशिवाय काम पुढे नाही."

शेवटचा हप्ता "काम पूर्ण झाल्यावर" असंही लिहू नका. माझे 72,000 त्या "पूर्ण" शब्दावर तीन महिने अडकले. आता वाक्य असं असतं: "यादीतलं काम चालू करून दिल्यापासून 10 कामाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते स्वीकारलं असं धरलं जाईल."